‘सहन होईल तसं वाढवा’ म्हणजे नक्की किती?

*ताई, आईच्या (वय ६६) उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट होऊन आज २४ दिवस झाले. घरी सोडताना एक कागद दिलाय, आठ व्यायाम, प्रत्येकी १० वेळा, दिवसातून तीनदा, आणि खाली लिहिलंय ‘सहन होईल तसं वाढवा’. पहिले दोन-अडीच आठवडे छान गेले म्हणून मी गेल्या सोमवारपासून सगळं २०-२० केलं आणि पायरी चढ-उतर पण सुरू केली. आता गुडघा टम्म सुजलाय, रात्री झोप नाही, ९० पर्यंत वाकत होता तो ८० वर आलाय आणि आई म्हणते व्यायामाचं नाव काढू नकोस. दुखत असताना रेटून करून घ्यायचे की बंद करायचे? घरात दोन तट पडलेत. — एक लेक*

रेटायचे नाहीत आणि बंदही करायचे नाहीत. पण त्याआधी पाच मिनिटं काढून आईचा पाय नीट बघा, कारण सगळी सूज व्यायामाची असतेच असं नाही. पोटरी दुखतेय का, घट्ट आणि दुसऱ्या पायापेक्षा जाड झालीय का (गुठळी असू शकते), टाक्यांच्या जागेतून पाणी किंवा पू येतोय का, लाली रोज पसरतेय का, ताप किंवा थंडी वाजून आली का, मधे कुठे पडल्या होत्या का, आणि आधी पाय सरळ ठेवून उचलता येत होता तो एकदम येईनासा झालाय का. यातलं एक जरी असलं तर पुढचं सगळं वाचायचं नंतर, आजच सर्जनना फोन करा. अचानक धाप किंवा छातीत दुखणं असेल तर फोनही नको, थेट इमर्जन्सी. गुडघा नुसता कोमट लागत असेल तर त्याने घाबरू नका, तो काही महिने तसा लागतो.

हे काही नसेल तर बहुतेक जे झालंय ते साधं आहे. एकाच दिवशी दोन गोष्टी वाढल्या, आकडा दुप्पट झाला आणि वर पायरी आली. २४ दिवसांच्या गुडघ्याला ते झेपलं नाही, आत पाणी साठलं, आणि पाण्याने तट्ट भरलेली पिशवी जशी घडी होत नाही तसा तो वाकेना. म्हणजे ते १० अंश बहुधा गेलेले नाहीत, सुजेखाली दबलेत. सूज अजून एक उपद्व्याप करते जो घरच्यांना माहीत नसतो, सांध्यात पाणी असलं की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा हुकूमच कमी होतो, माणूस मनापासून जोर लावतो आणि स्नायू अर्धवटच आवळला जातो. मग आपण म्हणतो आई कंटाळा करतेय. त्या करत नसतात हो, त्यांच्या हातात नसतं ते.

आता तो ‘सहन होईल तसं’. हे वाक्य लिहिणाऱ्याला कळतं, वाचणाऱ्याला नाही. कारण सोसायची सवय असलेली बाई दात-ओठ खाऊन आठ पर्यंत सोसते आणि जरा घाबरट माणूस दोनलाच थांबतो, कागद दोघांनाही तोच. म्हणून मी पेशंटना आकडा विचारायला लावते, शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सगळ्यात वाईट. पण आई तुम्हाला बरं वाटावं म्हणून ‘तीन’ सांगतील, तेव्हा आकडा ऐका आणि तोंडाकडे बघा. व्यायाम करताना गप्पा चालू आहेत तर तीनच्या आत आहे. बोलता बोलता वाक्य मधेच तुटतं, श्वास धरला जातो, तर चार-पाच. हात आपोआप गुडघ्याकडे जातो किंवा तुमचा हात ढकलला जातो तर सहाच्या वर आहे, मग तोंडाने काही का म्हणेनात.

आकड्याइतकंच महत्त्वाचं की दुखणं कसलं आहे, आणि याला आपल्याकडे मस्त शब्द आहेत ते वापरा. ओढ लागतेय का ठणका आहे का कळ येतेय? गुडघा वाकवताना समोर, टाक्यांच्या रेषेत आणि वाटीच्या वर ओढ लागणार, ती लागायलाच हवी, नाहीतर वाकवलंच नाही असं समजा. ठणका म्हणजे व्यायाम थांबल्यावरही आत ठोके पडल्यासारखं दुखत राहणं, तो सुजेचा निरोप असतो. आणि एका जागी बोट ठेवून दाखवता येईल अशी कळ किंवा चमक आली तर तो व्यायाम त्या दिवसापुरता तिथेच थांबवायचा, आकडा कितीही असो.

म्हणूनच सगळ्या व्यायामांना एकच मर्यादा लावणं मला पटत नाही. बळाचे व्यायाम, म्हणजे मांडी आवळणं, पाय उचलणं, खुर्चीतून उठणं, हे तीनच्या आत. दुखऱ्या सांध्यात तो स्नायू नीट कामच करत नाही, त्यामुळे इथे सोसून काही मिळत नाही. वाकवण्याच्या आणि सरळ करण्याच्या व्यायामांना मात्र पाचपर्यंत जायची मुभा, शेवटच्या टोकाला पाच-दहा सेकंदच, आणि पाय सैल सोडल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत आकडा परत खाली यायला हवा. इथे दोनवरच घाबरून थांबलात तर पुढे गुडघा आखडतो, आत चिकटलेले पदर पक्के होत जातात. तुमच्या घरातल्या ‘बंद करा’ पार्टीला एवढं वाचून दाखवा.

आकडा दिवसातून तीन वेळा लिहायचा: करताना, संपल्यावर तासाभराने, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठण्याआधी. तिसरा सगळ्यात खरा. करताना पेनकिलरचा अंमल असतो, उत्साह असतो, तुम्ही समोर उभ्या असता. सकाळचा गुडघा एकटा असतो, त्याला कुणाला खूश करायचं नसतं. आणि हो, गोळी कधी घेतली तेही शेजारी लिहा. गोळी डॉक्टरांनी दिलेल्या वेळापत्रकात बसत असेल तर व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी येऊ द्या, आणि ज्या आठवड्यात डॉक्टर गोळ्या कमी करतील त्या आठवड्यात व्यायाम वाढवू नका, नाहीतर दुखणं कशाने वाढलं तेच कळणार नाही.

वाढवायचं कधी? करताना मर्यादेत, तासाभराने व्यायामाआधी होता तेवढाच, आणि सकाळी कालच्या सकाळइतका किंवा कमी, असं सलग दोन दिवस झालं की तिसऱ्या दिवशी एकच गोष्ट थोडीशी वाढवायची. १० चे १२, २० नव्हे. किंवा धरून ठेवायचे ५ सेकंदांचे ७. किंवा खुर्ची जरा कमी उंचीची. दोन गोष्टी एकदम नाहीत, आणि नवा व्यायाम आणलात तर त्या दिवशी जुन्यांचे आकडे होते तेवढेच. तासाभराने आकडा खाली आला नसेल पण सकाळी ठीक असेल तर मागे जाऊ नका, पुढेही जाऊ नका, आहे तेवढंच अजून दोन दिवस. आणि सकाळचा आकडा कालच्या सकाळपेक्षा दोनने जास्त असेल, किंवा सूज वाढली असेल, तर त्या दिवशी बळाचे व्यायाम निम्मे. शून्य नाही, निम्मे. घोटा हलवणं आणि हलकं वाकवणं-सरळ करणं तरीही चालूच. हे आकडे माझ्या सवयीचे आहेत, दुसरा फिजिओ एखाद्याने इकडे-तिकडे धरेल, आणि तुमच्या सर्जननी वजन टाकण्याबद्दल किंवा वाकवण्याबद्दल वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचं ऐकायचं, माझं नाही.

सूज मात्र डोळ्याने ठरवू नका, संध्याकाळी सगळ्यांचे पाय सुजलेले दिसतात. शिवणाची टेप घ्या. सकाळी अंथरुणातच, पाय सरळ आणि सैल, वाटीच्या बरोबर मध्यावरून टेप फिरवा, त्वचेला टेकेल पण रुतणार नाही इतपत. वाटीच्या दोन्ही बाजूंना, टाक्यांपासून लांब, पेनाने छोटी खूण करून ठेवा म्हणजे रोज टेप तिथूनच जाईल. दुसऱ्या गुडघ्याशी तुलना करू नका, हा जाड असणारच आणि बरेच महिने असेल. कालच्या स्वतःशीच तुलना. अर्धा सेंटीमीटर इकडे-तिकडे टेपची चूक असू शकते, एक सेंटीमीटर वाढलं तर ते मी खरं धरते.

तर आईचा कागद पुढच्या तीन-चार दिवसांसाठी असा करा. आधी घोटा वर-खाली, जागेपणी तासा-दोन तासांनी २० वेळा, याला दुखण्याचा नियम नाही, हा रक्त फिरतं ठेवायला आहे. मग मांडी आवळणं: पाय सरळ, गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबायची, वाटी मांडीकडे सरकताना दिसली पाहिजे, ५ सेकंद धरायचं, ८ ते १० वेळा, दिवसातून तीनदा. तुम्ही मांडीवर, वाटीच्या चार बोटं वर हात ठेवा, स्नायू हाताखाली कडक लागत नसेल तर नुसतं दाबणं चाललंय, मग दोन्ही पाय एकदम करायला सांगा, चांगल्या पायाला बघून हा शिकतो. मग टाच सरकवणं: पाठीवर झोपून, पायात मोजा किंवा टाचेखाली गुळगुळीत प्लास्टिक, टाच हळूहळू कुल्ल्याकडे, ओढ लागली की ५ सेकंद थांबायचं, सैल, परत, १० वेळा, दिवसातून तीनदा. सूज आहे तोवर इथेही चारच्या पुढे नको.

आणि एक व्यायाम जो तुमच्या कागदावर असेल तर उत्तम, नसेल तर फिजिओंना विचारून घाला: टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, पोटरी आणि गुडघा अधांतरी, पाच मिनिटं तसंच पडून राहायचं, दिवसातून तीन-चारदा. दिसतो आळशी, पण गुडघा पूर्ण सरळ होण्यासाठी याच्याइतकं कामाचं फार थोडं आहे. घरचे लोक सगळे वाकण्याच्या मागे लागतात, ९० झाले का १०० झाले का, आणि गुडघा पाच-दहा अंश वाकलेलाच राहून जातो ते कुणाच्या लक्षात येत नाही. असा पाय चालताना लंगडतो आणि मांडी लवकर दमते. पलंगावर पाय सरळ ठेवून गुडघ्याच्या मागे किती बोटं जातात ते बघा आणि तेही वहीत लिहा, ती बोटं कमी होत गेली पाहिजेत.

पाय सरळ ठेवून उचलणं सध्या एकच चाचणी म्हणून करा, एकदा उचला आणि गुडघ्याकडे बघा. उचलताना गुडघा थोडा वाकून लोंबत असेल तर तो व्यायाम अजून आईचा नाही, मांडी आवळण्यावरच थांबा. सरळ राहत असेल तर ५ वेळा. खुर्चीतून उठणं ठेवा, पण उंच आणि हाताच्या खुर्चीतून, हाताला जोर देऊन, ५ वेळा दिवसातून दोनदा. बाकीचे उभ्याने करायचे आणि पायरीचा व्यायाम सध्या कागदावर फुली.

आता एक सांगते, कारण वही कशी वाचायची ते उदाहरणाशिवाय कळत नाही. माझ्याकडे एक आजोबा होते, तुमच्या आईसारखेच, चौथ्या आठवड्यात गुडघा फुगवून आले. पहिल्या सकाळी टेपवर ४३, आकडा ५, वाकणं ८२. सगळं निम्मं केलं, बर्फ सुरू केला. दुसऱ्या सकाळी ४२.५ आणि ४. तिसऱ्या सकाळी ४२ आणि ३, वाकणं ८८. मी म्हटलं अजून एक दिवस हेच, पूर्ण दहावर उद्यापासून. चौथ्या सकाळी ४२ आणि ३, मग दहा-दहा. करताना ३, तासाभराने ३, एकदम नियमात. आणि पाचव्या सकाळी ४३ आणि ५! त्यांचा मुलगा चिडला, म्हणाला तुमचे नियम पाळून पण सुजलाच ना. मी वही उलटसुलट बघितली, काही सापडेना, मग सहज विचारलं काल बाकी दिवसभर काय केलं. तर बरं वाटत होतं म्हणून आजोबा संध्याकाळी वॉकर न घेता चक्क पाऊण तास चालून आले होते, आधी कधी पंधरा मिनिटांच्या वर गेले नव्हते. ते व्यायामात मोडतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं! त्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढला, ‘बाकी काय काय केलं’. चालणं, जिने, स्वयंपाकघरात उभं राहणं, पाहुण्यांसमोर पाय खाली सोडून दोन तास बसणं, गुडघ्याच्या हिशेबात हे सगळं येतं. परत दोन दिवस निम्मं, चालणं १० मिनिटं दोनदा, आणि दहाव्या सकाळी ४१.५, आकडा २, वाकणं ९६. तिथून रीतसर १२ वर गेलो.

तुमच्या आईचंही तेवढं तपासा. गेल्या सोमवारनंतर चालणं पण वाढलं होतं का?

बर्फ व्यायामानंतर, कापडात गुंडाळून, १५ ते २० मिनिटं, आणि त्या वेळी पाय छातीच्या वर येईल इतका उंच. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला त्वचा बधिर असेल, ती बऱ्याच जणांची असते, तिथे बर्फाचा चटका कळत नाही म्हणून मधे कापड उचलून बघत जा. पाय उंच करताना उशी पोटरी आणि टाचेखाली, गुडघ्याखाली नाही. रात्री गुडघ्याखाली उशी घेतली की इतकं बरं वाटतं की सगळे तेच करतात, आणि सकाळी गुडघा सरळ होत नाही म्हणून रडतात. रात्रीचं दुखणं या दिवसांत तसंही असतंच, सूज उतरली की कमी होतं. पण झोप अजिबातच नसेल तर सर्जनना सांगून गोळीची वेळ बदलून घ्या, न झोपलेल्या माणसाचा सगळाच आकडा दोनने वर जातो.

अजून एक, आणि हे जरा रागावून सांगते. गुडघा तुम्ही हाताने दाबून वाकवत असाल तर ते आजपासून बंद. दुसऱ्याचा हात लागला की स्नायू भीतीने आवळतात, तुम्ही त्यांच्याशी कुस्ती खेळता आणि सांधा सुजतो. आईंना खुर्चीत बसवा, ऑपरेशनच्या पायाचं पाऊल जमिनीवरून मागे सरकवू दे, आणि दुसरा पाय त्याच्या घोट्यापुढे ठेवून त्याच पायाने हळूच मागे ढकलू दे. ब्रेक त्यांच्या स्वतःच्या पायात असला की त्या तुमच्या हातापेक्षा जास्त वाकवतील, करून बघा.

पायरी कधी? सूज सोमवारच्या आधी होती तिथे आली, पाय दहा वेळा लोंबल्याशिवाय सरळ उचलला गेला, आणि कठड्याला धरून ऑपरेशनच्या पायावर वजन टाकताना गुडघा लचकला नाही, तर. आणि तेव्हाही आधी १० सेंटीमीटरची पक्की, न हलणारी फळी, जिन्याची पूर्ण पायरी नाही, फक्त चढणं, ५ वेळा, कठडा हातात. उतरण्याचा व्यायाम त्याच्यानंतर आठवड्याने, तो चढण्यापेक्षा अवघड आहे, लोकांना उलटं वाटतं. रोजच्या गरजेपुरता जिना चढायचा असेल तर चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना ऑपरेशनचा आधी, एकेका पायरीवर दोन्ही पाय.

तीन-चार दिवस असं करून टेपवर सूज उतरली नाही, किंवा उतरली पण वाकणं ८० च्या पुढे सरकेना, तर वही घेऊन फिजिओ आणि सर्जन दोघांकडे जा, पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. सहा आठवडे होऊन गेले आणि अजून ९० होत नाहीत असा गुडघा सर्जनना वेळेत दिसलेला बरा असतो, कारण भूल देऊन तो मोकळा करायचा ठरलाच तर ते साधारण पहिल्या तीन महिन्यांत सोपं जातं, नंतर पदर घट्ट होतात. तुम्ही अजून त्याच्या बऱ्याच अलीकडे आहात. आणि वहीतला सकाळचा आकडा आईंनाच लिहू दे, त्यांच्या अक्षरात.